तीनशे चाळीस शाफ्ट आणि एक लांबलचक मेल

भोसरीतल्या एका ग्राइंडिंगच्या कारखान्यात मी क्वालिटीला लागलो, तेव्हा मेल लिहिणं हे आपलं काम आहे असं माझ्या डोक्यातही नव्हतं. एअर गेज, मायक्रोमीटर आणि तपासणीचे तक्ते सांभाळले की झालं, असं वाटायचं. पाचव्या महिन्यात एका मेलमुळे चार दिवस वाया गेले आणि ही समजूत मोडली.

आम्ही २५ मिलिमीटर व्यासाचा एक शाफ्ट ग्राइंड करून द्यायचो. ड्रॉइंगवर टॉलरन्स h6, म्हणजे व्यास जास्तीत जास्त २५.००० आणि कमीत कमी २४.९८७ मिलिमीटर. १२०० नगांचा लॉट तयार होता. निघायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं, की एअर गेज ज्या मास्टरवर, म्हणजे नेमक्या मापाच्या नमुन्यावर, सेट करतो तो मास्टरच ३ मायक्रॉन झिजलाय. म्हणजे गेजवर २४.९८८ दिसलेला शाफ्ट प्रत्यक्षात २४.९८५ होता. दुसऱ्या मास्टरवर सेट करून सगळा लॉट पुन्हा तपासला. ८६० नग मापात निघाले आणि ३४० नग किमान मापापेक्षा १ ते ३ मायक्रॉन कमी.

ग्राहकाला कळवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी जीव ओतून मेल लिहिला. तपासणीत किती कमी निघाले, मग मास्टर कधी आणला होता, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, झीज कशी सापडली, छाटणी कशी केली, ३२ नगांच्या मापांचा तक्ता, चार फोटो, दिलगिरी, पुढे काय काळजी घेणार. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात खरा प्रश्न होता: हे ३४० नग डेव्हिएशनवर, म्हणजे फरक मान्य करून, घ्याल का? सोबत सगळ्या मापांची एक्सेल शीट जोडली होती.

दुसऱ्या दिवशी खरेदी विभागाचं एका ओळीचं उत्तर आलं: बदली नग कधी देताय? त्या माणसाने पहिला परिच्छेद वाचला होता. त्यात ३४० नग मापात नाहीत एवढंच होतं आणि त्यावरून त्याने विचारलं ते बरोबरच होतं. मी परत लिहिलं, तेही लांबच. मग त्याने 'रिप्लाय ऑल' करून त्यांच्या जर्मनीतल्या डिझाइन इंजिनिअरला मेलमध्ये घेतलं. इंजिनिअरने विचारलं, मापं कुठे आहेत? मला राग आला, शीट तर पहिल्याच मेलला जोडली होती. पण मेलला उत्तर देताना मूळ मेलची जोडलेली फाइल पुढे जात नाही, फॉरवर्ड केलं तरच जाते. नंतर साखळीत आलेल्या माणसाच्या हाती नुसता मजकूर लागतो. हे मला तोवर माहीतच नव्हतं.

चौथ्या दिवशी आमच्या क्वालिटी मॅनेजर मॅडमनी ती साखळी उघडली, खालपर्यंत स्क्रोल केलं आणि म्हणाल्या, "अरे, यात तीन कामं आहेत. तू ती एकाच गोणीत भरलीस."

त्यांनी मला शब्द मोजायला लावले नाहीत. मजकुरातल्या प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून त्या विचारत होत्या, "हे वाचून त्याने काय करायचंय?" नग घेणार की नाही, कधीपर्यंत सांगणार, याला फक्त उत्तर हवंय, ते मेलमध्ये राहील. मापं, छाटणीची पद्धत आणि मास्टरची झीज समोरच्याला तपासून पाहायची आहे, कदाचित महिन्याभराने त्यांच्या ऑडिटमध्ये पुन्हा उघडायची आहे. ते टिपणात जाईल. उरला माझ्या मेलमधला सगळ्यात गुंतागुंतीचा परिच्छेद. त्यात मी लिहिलं होतं, की तुम्ही सगळे घेणार असाल तर आज पाठवतो, त्यातले काही घेणार असाल तर कुठल्या मापापर्यंत ते सांगा म्हणजे पुन्हा छाटणी करू, आणि वेगळी खूण करून हवे असतील तर खूण कुठे करायची ते कळवा. मॅडम म्हणाल्या, "हे लिहायचं नसतं, बोलायचं असतं. त्याचं पहिलं उत्तर कळल्याशिवाय तुझा दुसरा प्रश्नच उभा राहत नाही."

तेव्हापासून मेल लिहिताना मी 'जर-तर' मोजतो. एक असेल तर चालतं. दुसरं आलं की लिहिणं थांबवून फोनकडे हात नेतो. लिहून पाठवलं तर समोरचा एका फांदीचं उत्तर देतो, बाकीच्या तशाच लोंबकळत राहतात, आणि प्रत्येक फांदीला एक दिवस जातो. जर्मनीत सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. आपण सहाला घरी जायचं म्हटलं तर दिवसातून एखादा प्रश्न आणि एखादं उत्तर, एवढंच पदरात पडतं.

टिपणाची वेळ झाली हे ओळखायची माझी खूण वेगळी आहे. मेलमध्ये 'वर म्हटल्याप्रमाणे' किंवा 'खालच्या तक्त्यात' असं लिहावंसं वाटलं, किंवा परिच्छेदांना मथळे द्यावेसे वाटले, तर तो मजकूर आता मेल राहिलेला नाही. मोबाइलवर तक्त्याचे रकाने एकमेकांत घुसतात, आणि साखळीत आठ उत्तरं झाली की तो तक्ता शोधायला खणत बसावं लागतं.

तर त्या दिवशी मी मेल पुन्हा लिहिला. होता इंग्रजीत, मराठीत साधारण असा:

"विषय: निर्णय हवा, २५ मिमी शाफ्ट, ३४० नग, गुरुवारपर्यंत. लॉटमधल्या ३४० शाफ्टचा व्यास किमान मापापेक्षा १ ते ३ मायक्रॉन कमी आहे. बाकीचे ८६० मापात आहेत आणि आज निघत आहेत. हे ३४० नग डेव्हिएशनवर घेता येतील का? नाही म्हणालात तर बदली नग द्यायला ९ दिवस लागतील. मापं, कारण आणि छाटणीची पद्धत सोबतच्या दीड पानी टिपणात आहे. कुठल्या मापापर्यंत चालेल यावर दहा मिनिटं बोलायला हवं. आज किंवा उद्या आमच्या दुपारी एक ते चारमध्ये केव्हाही फोन करू शकतो."

दिलगिरीचं एक वाक्य मी ठेवलं होतं, मॅडमनी ते काढलं नाही. फोटोंपैकी तीन गेले. झिजलेल्या मास्टरचा एक टिपणात राहिला, कारण तोच काहीतरी दाखवत होता.

टिपण लिहिताना मॅडमनी दोन्ही बाजूंनी परीक्षा घ्यायला लावली. जोडलेली फाइल कुणी उघडलीच नाही, तरी मेलमधून काय हवंय आणि कधीपर्यंत ते कळतंय का? आणि मेल न पाहता कुणाला नुसती फाइल मिळाली, तर पार्ट नंबर, लॉट, तारीख, माप कुठल्या एककात आहे आणि कुणी मोजलं हे कळतंय का? माझ्या पहिल्या टिपणाची सुरुवात 'मेलमध्ये सांगितलेल्या नगांपैकी' अशी होती. ती पुसावी लागली. नाव दिलं `Shaft25_Deviation_R1.pdf`. शेवटचं R1, म्हणजे पहिली आवृत्ती, पुढे फार कामाला आलं. नवीन माणूस बऱ्याचदा `final` लिहितो आणि तीन दिवसांनी `final_new` लिहायची पाळी येते.

पीडीएफ यासाठी, की ती मोबाइलवरही तशीच दिसते. समोरच्याला आकडेमोड करायची असेल तर एक्सेल वेगळी जोडावी. फाइलची नुसती लिंक बाहेरच्या कंपनीला पाठवणं मी टाळतो. परवानगीची विनंती नेमकी रात्री नऊला येते आणि आपण ती सकाळी पाहतो.

फोन बारा मिनिटं चालला. इंजिनिअरने टिपण समोर उघडलं होतं, त्यामुळे मला इतिहास सांगावा लागला नाही. त्याने हिशेब मांडला: शाफ्ट ज्यात बसतो त्या गिअरचं भोक H7 आहे, म्हणजे जास्तीत जास्त २५.०२१. चांगल्या शाफ्टबरोबर सगळ्यात सैल जोडीत ३४ मायक्रॉनची फट पडते, आमच्या सगळ्यात बारीक शाफ्टबरोबर ३७ पडेल. ३६ पर्यंत चालेल, तो म्हणाला. म्हणजे २४.९८५ च्या खालचे नकोत. मी लगेच विचारलं, पुन्हा छाटून पाठवले तर खूण हवी का? टोकाला हिरवा ठिपका करा, म्हणाला. मेलवर याच गोष्टींना निदान तीन दिवस गेले असते. पुन्हा छाटणीत २६२ नग निघाले, ७८ स्क्रॅपमध्ये गेले.

एक मात्र खरं, की फोनवर ठरलेलं तिथेच सोडलं तर ते हवेत विरतं. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात चार ओळींचा मेल गेला: २४.९८५ पर्यंतचे नग मान्य, हिरवा ठिपका, छाटणीनंतरचा आकडा उद्या, डेव्हिएशनचा लेखी नंबर तुमच्याकडून आल्यावरच माल निघेल. तो त्याच साखळीत, सगळ्यांना, आणि सुधारलेलं टिपण R2 पुन्हा जोडून, कारण खरेदीवाल्याकडे R1 होतं आणि स्टोअरवाल्यांकडे काहीच नव्हतं.

शेवटची अट मॅडमची होती. मला ती तेव्हा उगाच ताणलेली वाटली. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका ग्राहकाच्या बाबतीत मी ती विसरलो. फोनवर "हो हो, पाठवा" ऐकलं आणि गाडी पाठवली. त्यांच्या गेटवरच्या माणसाने डेव्हिएशन नंबर विचारला, चलनावर तो नव्हता, गाडी तशीच परत आली. ज्यांनी 'पाठवा' म्हटलं होतं ते त्या दिवशी रजेवर होते. आमच्या डिस्पॅचच्या काकांनी गाडी उतरवताना मला एवढंच विचारलं, "साहेब, फोनची पावती मिळते का कुठे?"

फोन न उचलणारी माणसंही भेटतात. त्यांना 'कॉल करू का' असा मोघम मेल केला की तो पडून राहतो. प्रश्न एका ओळीत लिहिला आणि फोनसाठी दोन-तीन नेमक्या वेळा दिल्या, तर पुष्कळदा ते फोन न करता त्या ओळीचंच उत्तर पाठवतात. तेही चालतं. आणि राग आला असेल, किंवा चूक कुणाची यावर लिहायची वेळ आली असेल, तर मजकूर पाच ओळींचा असला तरी मी आधी फोन करतो. तसले पाच ओळींचे मेल कंपनीत जेवढ्या जणांना फॉरवर्ड होतात, तेवढी माझी दीड पानी टिपणं आजवर कधी झालेली नाहीत.