मुठीची सवय सोडवताना

वयाच्या एकतिसाव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा लक्षात आले की ताठरता व्यवस्थित असूनही पत्नीसोबत माझे वीर्यस्खलन होतच नाही, आणि स्वतःच्या हाताने मात्र ते चार-पाच मिनिटांत होते. नागपूरच्या धंतोलीतील डॉक्टरांना हाच फरक महत्त्वाचा वाटला. नैराश्यावरील काही गोळ्यांनी आणि मधुमेहानेही स्खलन लांबते, म्हणून त्यांनी आधी त्याची चौकशी केली. माझ्या बाबतीत मूळ होते ते पंधरा वर्षे कोरड्या, घट्ट मुठीने केलेल्या हस्तमैथुनात, कारण तेवढा दाब योनीत मिळतच नाही.

त्यांच्या सांगण्यावरून मी तीन आठवडे हस्तमैथुन पूर्ण बंद ठेवले. त्यानंतर आठवड्यातून दोनदाच, पाण्यावर आधारित वंगण लावून, सैल हाताने आणि संथ गतीने करू लागलो. उत्तेजना ओसरली की मूठ आपोआप आवळली जाई. तसे जाणवताच मी थांबत असे. (पहिले काही प्रयत्न अर्धवटच सुटले, आणि चिडचिड झाली ती वेगळीच.) पत्नीला सारे सांगितले, तेव्हा तिचा ‘मीच आवडत नाही’ हा गैरसमज दूर झाला. सुमारे अडीच महिन्यांनी तिच्यासोबत प्रथमच स्खलन झाले. अजूनही दमलेल्या दिवशी ते होत नाही.