टीडीईई काढताना या चुका टाळा (तीच कॅलरी दोनदा मोजू नका)

गेली अकरा वर्षं मी लोकांचे डाएट बघतेय आणि दर महिन्याला एकजण तरी तोच एक्सेलचा कागद घेऊन येतो. आकडे वेगळे, चूक तीच. म्हणून एकदाचं लिहून टाकते, पुढच्या माणसाला लिंक पाठवली की माझं काम झालं.

थोडक्यात, टीडीईई म्हणजे दिवसभरात शरीर खर्च करतं ती एकूण एनर्जी, आणि तिचे चार वाटे. नुसतं जिवंत राहायला लागते ती बीएमआर, खाल्लेलं पचवायला लागते ती टीईएफ, मुद्दाम केलेला व्यायाम, आणि उरलेली सगळी हालचाल म्हणजे नीट. (परीक्षेची नीट नाही हो, आणि "नीट मोज"मधलं नीटही नाही, जरी तेही कोणी करत नाही.) जिने चढणं, भाजी आणणं, फोनवर बोलताना घरभर फेऱ्या मारणं, पाय हलवत बसणं, सगळं त्यात आलं.

आता ती मोठी चूक. मागच्या वर्षी हिंजवडीतला एक मुलगा आला, वय ३४, वजन ७८, उंची १७२. "मॅडम, मी रोज ५०० च्या डेफिसिटमध्ये खातोय आणि पाच आठवड्यांत दोन किलो वाढलोय, थायरॉइड असेल का?" म्हटलं आधी कागद दाखव. मिफ्लिन-सेंट जिओर फॉर्म्युल्याने बीएमआर काढलेला, १६९०, तो बरोबर. मग जिम आठवड्यातून चार दिवस म्हणून १.५५ ने गुणलं, झाले २६२०. इथेच थांबला असता तरी थोडंच चुकलं असतं. पण घड्याळ रोज ३५० ॲक्टिव्ह कॅलरी दाखवतं म्हणून त्या मिळवल्या, २९७०. मग कुठेतरी ऐकलं की पचनाला १० टक्के जातात, म्हणून तेही वर चढवलं आणि आकडा गेला ३२७० च्या आसपास. त्यातून ५०० वजा करून हा पठ्ठ्या रोज २७७० खात होता, आणि प्रामाणिकपणे तराजूवर मोजून खात होता, म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं.

गडबड काय झाली? ते १.२, १.३७५, १.५५ वाले मल्टिप्लायर म्हणजे दिवसाचा एकूण खर्च हा बीएमआरच्या किती पट असतो याचा अंदाज. एकूण म्हणजे एकूण. पचन त्यात आहे, जिम त्यात आहे, ऑफिसच्या कँटीनपर्यंत चालणंही त्यात आहे. त्याच्यावर परत टीईएफ आणि घड्याळ लावलंत म्हणजे किराणावाल्याला उधारीसकट पैसे दिले आणि वर उधारी वेगळी परत दिली.

उलटं करून बघितलं. पाच आठवड्यांत १.९ किलो वाढ, एक किलोला साधारण ७७०० कॅलरी धरल्या तर ३५ दिवसांत रोजचे ४२० जास्त. २७७० वजा ४२०, म्हणजे खरा खर्च २३५० च्या आसपास. बीएमआरच्या १.४ पटसुद्धा नाही, कारण जिमचा तास सोडला तर बाकीचा दिवस खुर्चीत. थायरॉइडची टेस्ट त्याने तरीही करून घेतली, नॉर्मल आली. (किलोला ७७०० हाही ढोबळच आकडा आहे, पाण्याने वजन हलतं, म्हणून दोन-चार दिवसांच्या वजनावरून हे गणित करू नका.)

माझी सवय सांगते, पद्धत वगैरे म्हणू नका. दोन मल्टिप्लायरमध्ये अडलात तर खालचा घ्या. सकाळी चहाच्या आधी रोज वजन, सात दिवसांची सरासरी, असे निदान तीन आठवडे, बायकांनी पाळीचं पूर्ण चक्र. मग वर केलं तसं उलटं गणित. "तीन आठवडे थांबू?" असं विचारणाऱ्यांनी कृपया घड्याळाशीच बोलावं.

दुसरी चूक, नीट हा ठरलेला आकडा समजणं. तो तुम्हाला न विचारता हलतो. १९९९ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हाइन आणि मंडळींनी १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या, आणि चरबी कोणाची ०.३६ किलो वाढली तर कोणाची ४.२३. सगळ्यात जास्त फरक पडला तो नीटचा, एकाचा रोज जवळजवळ ७०० ने वाढला तर एकाचा थोडा कमीच झाला. म्हणजे काहीजण जास्त खाल्लं की आपोआप जास्त हलतात. आपण सगळे स्वतःला त्यातलेच समजतो.

कमी खाल्लं की उलटं होऊ शकतं. त्याच मुलाचं पुढे २००० वर सुरू केलं, दीड महिना छान उतरलं आणि मग अडकलं. खाणं तेच. मी फोनमधली पावलं बघितली तर जिमच्या दिवशी ९००० वरून ५५०० वर आलेली. विचारलं तर म्हणे पाय दुखतात म्हणून लिफ्ट घेतो, दूध पण ॲपवरून मागवतो. साडेतीन हजार पावलं म्हणजे अडीच-पावणेतीन किलोमीटर, त्याच्या वजनाला शंभरेक कॅलरी, आणि सोफ्यावर जास्त पडून राहिलेलं पावलांत दिसत नाही ते वेगळंच. म्हणून मी कॅलरी कमी करायच्या आधी नेहमी पावलं विचारते. याला पण ताट कमी केलं नाही, फक्त दूध परत दुकानातून आणायला सांगितलं.

उलट्या बाजूची चूक आमच्या शेजारच्या काकूंची. व्यायाम नाही म्हणून स्वतःला १.२ धरलं, आणि त्या बाई सकाळी पाचपासून उभ्या, धुणं, पाणी भरणं, तीन मजले वरखाली. आकडा इतका कमी आला की दुपारी चक्कर यायची. व्यायाम नाही म्हणजे बैठं आयुष्य, असं नसतं.

आता टीईएफबद्दल पटकन. प्रोटीन पचवायला त्याच्या कॅलरीच्या २० ते ३० टक्के जातात, कार्ब्जना ५ ते १०, फॅटला ० ते ३, हे खरं आहे. पण भात-पोळीतल्या २४० कॅलरी काढून तेवढ्याच प्रोटीनच्या, म्हणजे ६० ग्रॅम प्रोटीन, घातल्या तरी फायदा चाळीसेक कॅलरींचा, म्हणजे फोडणीतला एक छोटा चमचा तेल. प्रोटीन खा, पोट भरलेलं राहतं म्हणून खा, पण त्याच्या जिवावर वर साजूक तूप ओतू नका.

दिवसातून सहा वेळा खाऊन "मेटाबॉलिझम पेटत" नाही. पचनाचा खर्च एकूण किती आणि काय खाल्लं त्यावर, किती वेळा खाल्लं त्यावर नाही.

खाणं ६०० ने कमी केलंत तर टीईएफही साठेक कॅलरींनी उतरतो, म्हणून कागदावरचा डेफिसिट प्रत्यक्षात थोडा कमीच असतो.

आणि ट्रेडमिलचा आकडा. ७८ किलोचा माणूस तासभर साधं चालला की २७० च्या आसपास दिसतात, त्यातले ७८ तो नुसता बसून राहिला असता तरी गेलेच असते. खाण्यात मिळवायचेच असतील तर १९५ मिळवा, तेही मल्टिप्लायर १.२ धरला असेल तरच. तो हिंजवडीवाला अजून कधीकधी ट्रेडमिलच्या स्क्रीनचा फोटो पाठवतो. मी उत्तरात फक्त विचारते, आज दूध कोणी आणलं?