लग्नानंतर बँकेत नाव बदलायला जाण्याआधी

लग्नानंतर खात्यावरचं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरच्या नावाचं खातं तसंच चालू ठेवता येतं आणि नवऱ्याबरोबर जॉइंट खातंही त्याच नावाने उघडता येतं. ज्यांना नाव बदलायचं नाही, त्यांना बँकेत कुणी काही म्हणू शकत नाही. पण बदलायचं ठरलं असेल, तर सगळीकडे एकच नाव, एकाच स्पेलिंगने जायला हवं. बँकेच्या काउंटरवर बसून मी जे पाहते, त्यात खरा त्रास आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं आणि पासबुकवर तिसरं असणाऱ्या बायकांना होतो. आपल्याकडे तर नुसतं आडनाव बदलत नाही. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, म्हणजे तीन शब्दांतले दोन बदलतात, आणि काही घरांत पहिलंही बदलतं. बँकेच्या संगणकाला ही एक अनोळखी बाई वाटते. ती तीच आहे हे कागदाने दाखवून द्यायचं, एवढंच हे सगळं काम आहे.

म्हणून कुठलाही फॉर्म भरण्याआधी घरी बसून नवीन पूर्ण नाव एका कागदावर लिहून काढा, मराठीत आणि इंग्रजीतही. समजा, माहेरचं नाव प्राजक्ता दिलीप चव्हाण होतं आणि आता प्राजक्ता रोहन गायकवाड व्हायचं आहे. गायकवाडमध्ये के नंतर ए घालायचा की नाही, हे आत्ताच ठरवा. सासरच्या मंडळींच्या आधारवर जसं आहे तसंच घेतलेलं बरं. मधलं नाव पूर्ण लिहायचं की नुसतं आद्याक्षर, तेही ठरवा. माझा सल्ला पूर्ण नावाचा आहे, कारण आद्याक्षरावरून पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासा मागतात. पॅनच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना आधी येतो, त्यामुळे घाईत शब्दांची अदलाबदल होते. हा कागद सोबत ठेवला की प्रत्येक रकाना त्यावर बघून भरता येतो.

दुसरा कागद विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्राचा. लग्नपत्रिका, हॉलची पावती किंवा फोटो यांवर बँक नाव बदलत नाही. महाराष्ट्रात ही नोंदणी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते; नोंदणी पद्धतीने लग्न केलं असेल तर विवाह अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र असतंच. प्रमाणपत्र हातात आलं की खिडकी सोडण्याआधी ते अक्षरन् अक्षर वाचा. पत्नीचं नाव म्हणून त्यात बहुतेक वेळा माहेरचं नाव असतं, आणि ते जुन्या आधारवरच्या, जुन्या पासबुकवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. तिथे दिलीपचं दिलिप झालं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या, कारण पुढचं सगळं या एका कागदावर उभं राहणार आहे. नवऱ्याचं नावही त्याच्या आधारप्रमाणेच हवं, कारण तुमचं नवीन मधलं नाव आणि आडनाव तिथूनच येणार.

इथेच एक अडचण येते. प्रमाणपत्रात नवीन नाव कुठेच लिहिलेलं नसेल, तर एखाद्या शाखेत राजपत्र मागतात. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल, तर राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली जाहिरात जोडल्यावर ते ओळखपत्र ग्राह्य धरावं. दोन्ही एकत्र हवेत असं त्यात नाही. पण त्या कागदावरून नावातला बदल दिसला पाहिजे, असं मात्र आहे. फक्त मधलं नाव आणि आडनाव बदललं असेल, तर प्रमाणपत्रातलं नवऱ्याचं नाव आणि नवीन नावाचं आधार यांवरून मेळ बसतो. पहिलं नावही बदललं असेल, म्हणजे प्राजक्ताची सासरी ईश्वरी झाली असेल, तर वाद घालण्यात वेळ न घालवता राजपत्रात नाव बदलून घ्या. त्याचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो, आणि छापून आलेलं ते पान पुढे पासपोर्टपासून मुलांच्या शाळेपर्यंत उपयोगी पडतं.

आता क्रम. नियमाप्रमाणे जुनं आधार आणि विवाह प्रमाणपत्र घेऊन थेट बँकेत जाता येतं. तरीही मी आधी आधार, मग पॅन आणि त्यानंतर बँक असंच सांगते. त्याचं कारण असं की काही वर्षांनी केवायसी पुन्हा करायची वेळ येते, तेव्हा अंगठा ठेवला की आधारवरचं नाव सरळ बँकेच्या पडद्यावर येतं. आधार जुन्याच नावाचं राहिलं असेल, तर तेव्हा सगळा घोळ पहिल्यापासून सुरू होतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथे तो घरी लिहिलेला कागद सोबत हवाच. मूळ विवाह प्रमाणपत्र घेऊन आधार केंद्रावर जा आणि पावती देण्याआधी ऑपरेटर पडद्यावर जे दाखवतो, ते इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचून घ्या. मराठीतलं नाव यंत्र आपोआप टाकतं आणि तिथे हमखास काहीतरी विचित्र उमटतं.

नवीन नावाचं आधार आलं की पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज करा. नवीन पॅनचा अर्ज चुकूनही करू नका. पॅन क्रमांक जन्मभर एकच असतो आणि दोन पॅन बाळगणं दंडाला पात्र आहे. पॅनवर वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो आणि लग्नानंतरही तिथे वडिलांचंच नाव राहतं. तिथे नवऱ्याचं नाव लिहिल्यामुळे अर्ज परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आधार आणि पॅन दोन्हीवर नाव एकसारखं झालं, की बँकेतलं काम बरंच सोपं होतं. कागदपत्रांत बदल झाल्यावर 30 दिवसांत ते बँकेला द्यावेत असं केवायसीचे नियम सांगतात, तेव्हा इथून पुढे रेंगाळू नका.

बँकेत जाताना पिशवीत काय असावं ते सांगते. शाखाधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज, त्यात जुनं नाव, नवीन नाव, खाते क्रमांक आणि ग्राहक क्रमांक. बँकेचा केवायसी बदलाचा फॉर्म शाखेत मिळतोच. विवाह प्रमाणपत्र, नवीन आधार आणि नवीन पॅन यांच्या मूळ प्रती, शिवाय प्रत्येकाची झेरॉक्स. मूळ प्रत पाहून काउंटरवरची व्यक्ती झेरॉक्सवर शिक्का मारते आणि मूळ तुम्हाला परत देते. मूळ कागद बँकेत सोडून येऊ नका. दोन फोटो, पासबुक, उरलेलं चेकबुक आणि डेबिट कार्ड. राजपत्र असेल तर तेही घ्या. जुन्या नावाचं एखादं ओळखपत्र, म्हणजे मतदार कार्ड किंवा लायसन्स, अजून बदललेलं नसेल तर तेही सोबत ठेवा, कारण जुन्या नावाची बाई हीच हे त्यावरच्या फोटोवरून पटकन कळतं.

सहीकडे नीट लक्ष द्या. अर्जाखाली जुनीच सही करायची, कारण बँकेकडे तीच नोंदलेली आहे आणि अर्ज खातेदाराचाच आहे हे त्याच सहीवरून तपासलं जातं. नवीन सही नमुना सहीच्या चौकटीत करायची. उत्साहाच्या भरात सगळीकडे नवीन सही करून आणली, तर अर्ज तपासताना सही जुळत नाही आणि पुन्हा फेरी पडते. मुळात सही बदलायलाच हवी असं नाही. सहीत नुसतं पहिलं नाव असेल तर ती तशीच ठेवा, निम्मी कटकट वाचेल. सही बदलणार असाल, तर आधी विचार करा: जुन्या सहीचे पुढच्या तारखांचे चेक कुणाला दिलेत का? विम्याचा हप्ता किंवा एसआयपी कागदी फॉर्मवर सही करून लावली आहे का? असे चेक आधी परत घेऊन नवीन द्या, नाहीतर सही जुळत नाही म्हणून ते परत जातील.

माहेरच्या गावच्या शाखेत खातं असेल आणि तुम्ही आता दुसऱ्या शहरात असाल, तर नावाचं काम कुठल्या शाखेत होईल ते आधी फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी मूळ शाखेतच जायला सांगतात. तसं असेल तर आधी खातं जवळच्या शाखेत बदलून घेता येतं. खाते क्रमांक तोच राहतो, पण आयएफएससी कोड बदलतो. तो ऑफिसात कळवा.

अर्ज दिल्याची पोच तारीख आणि शिक्क्यासह घ्या. नाव सहसा ग्राहक क्रमांकावर बदलतं, त्यामुळे त्या क्रमांकाखालची बचत, ठेव, आरडी सगळी एकदम नवीन नावाने दिसायला हवीत. कॉलेजात असताना उघडलेलं आणि नोकरी लागल्यावर उघडलेलं अशी एकाच बँकेत दोन खाती असतील, तर कधीकधी दोन ग्राहक क्रमांक निघतात आणि दुसरा जुन्याच नावाने पडून राहतो. म्हणून अर्जातच सगळे खाते क्रमांक लिहा. पतसंस्था आणि पोस्ट यांना बँकेतल्या बदलाचा पत्ता नसतो. तिथे वेगळा अर्ज द्यावाच लागतो. आयकर परताव्यासाठी पोर्टलवर नोंदवलेलं खातं नाव बदलल्यावर पुन्हा पडताळून घ्या, कारण तिथे बँकेतलं नाव पॅनशी ताडून बघतात.

आहेरात आलेल्या चेकचं मात्र लग्नाआधीच बघितलेलं चांगलं. काका-मामा प्रेमाने सासरच्या नावाने चेक लिहितात आणि खातं अजून माहेरच्या नावाने असतं. असा चेक भरला तर तो परत येण्याची शक्यता असते. चेकची मुदत तारखेपासून 3 महिन्यांची असते, तेवढ्यात आधार, पॅन आणि बँक तिन्ही उरकतीलच असं नाही. जवळच्यांना आधीच सांगा की चेक माहेरच्या नावाने लिहा. तरीही नवीन नावाचा आलाच, तर लिहिणाऱ्याकडून तो बदलून घ्या.

शेवटी आईवडिलांच्या खात्यांकडे एकदा बघा. आईच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून तुमचं माहेरचं नाव लागलेलं असतं. ते नामांकन रद्द होत नाही, पण उद्या रक्कम घ्यायला जाल तेव्हा तुमच्या सगळ्या ओळखपत्रांवर दुसरंच नाव असेल. आई शाखेत जाऊ शकत असेल तर तिच्या सहीने नामांकन नवीन नावाने करून घ्या. ते शक्य नसेल तर विवाह प्रमाणपत्राची एक प्रत तिच्या ठेवीच्या पावतीला टाचून ठेवा.