‘केलं’ म्हणजे नक्की काय केलं?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या प्रबंधाचं एकेचाळिसावं पान उघडलं, एका वाक्याखाली पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “तीसच्या तीस द्राक्षवेलींचे घड तोडून वजन केलंत?”

मी म्हटलं, “नाही सर. सहाच वेलींचं केलं.”

“मग इथे ‘मेझर्ड’ का लिहिलंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं होतं की महिनाभर आधी तिथे ‘डिड’ होतं. ‘वी डिड द यील्ड ऑफ 30 व्हाइन्स.’ मार्गदर्शकांनी समासात ‘भाषा सुधारा’ एवढंच लिहिलं होतं, म्हणून मी सुधारली. ‘डिड’ कच्चं वाटलं, ‘मेझर्ड’ भारदस्त वाटलं. आधीचं वाक्य नुसतं ढोबळ होतं, नंतरचं खोटं झालं. अजून ते पान आठवलं की पोटात गोळा येतो.

एम.एस्सी.च्या पहिल्या इंग्रजी प्रबंधाला बसलेल्यांसाठी हे लिहिते आहे. विशेषतः माझ्यासारखे बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून नाशिकला आलेले, कॉलेज रोडच्या एखाद्या अभ्यासिकेत लॅपटॉप उघडून बसलेले. ‘डू’, ‘मेक’, ‘गेट’ ही क्रियापदं प्रबंधात कमी वापरावीत हे तुम्हाला माहीत असेलच. पण त्यांच्या जागी काय घालायचं, तिथे खड्डा आहे.

आधी माझा शॉर्टकट सांगते, म्हणजे तुम्ही तो घेणार नाही. आमच्या ग्रुपवर ‘शंभर अकॅडेमिक क्रियापदं’ अशी एक यादी फिरत होती. एका बाजूला साधा शब्द, दुसऱ्या बाजूला वजनदार. मी वर्डमध्ये `did` काढून `performed` आणि `get` काढून `obtain` घालायला `Replace All` दाबलं. `Find whole words only` वर खूण केलीच नव्हती. त्यामुळे `candidate` मधला `did` बदलला आणि `vegetative` मधला `get` सुद्धा. पहिल्या पानावरच्या प्रतिज्ञापत्रात `canperformedate` छापून आलं. अशोक स्तंभाजवळ प्रिंट काढून घरी येईपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नाही. तरीही ती चूक बरी, कारण ती डोळ्यांना दिसते. ‘मेझर्ड’ दिसत नाही. वाक्य व्याकरणात बसतं, स्पेलिंग बरोबर असतं, खाली लाल रेघ येत नाही. असल्या याद्या वाटणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. तुम्ही शेतात काय केलंत, हे यादीला ठाऊक नसतं.

मुळात आपण एवढं ‘डिड’ का लिहितो, हे कळल्यावर माझं निम्मं ओझं उतरलं. मराठीत आपण तुलना करतो, निरीक्षण करतो, निवड करतो, छाटणी करतो. अर्थ पहिल्या शब्दात असतो, ‘करणे’ फक्त गाडा ओढतं. मराठीत त्यात काहीच उणं नाही. माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ते कधीच नुसतं “बागेत काम केलं” म्हणत नाहीत. विरळणी केली, पेस्ट लावली, डिपिंग दिलं, गर्डलिंग केलं. कोणत्या दिवशी काय केलं ते ऐकणाऱ्याला नेमकं कळतं. आपण हीच रचना इंग्रजीत उचलून नेतो आणि ‘डिड कंपॅरिझन’, ‘डिड ऑब्झर्वेशन’, ‘मेड सिलेक्शन’ लिहितो. इंग्रजीत मात्र त्या नामाचंच क्रियापद तयार असतं.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. वाक्य अडलं की ते मराठीत मोठ्याने म्हणायचं आणि ‘केलं’च्या आधीच्या शब्दावर बोट ठेवायचं. तुलना केली, तर ‘कंपेअर्ड’. निवड केली, तर ‘सिलेक्टेड’. ‘वी डिड गर्डलिंग ऑन 15 व्हाइन्स’ याचं ‘वी गर्डल्ड 15 व्हाइन्स’ होतं. यादी उघडायची गरज पडत नाही. ‘डिड अ कंपॅरिझन’च्या जागी ‘परफॉर्म्ड अ कंपॅरिझन’ घातलंत तर काहीच सुधारत नाही, खरं क्रियापद अजून नामातच अडकलेलं असतं. ‘मेड’चंही असंच. द्रावण बनवलं तर ‘प्रिपेअर्ड’, दोन गट केले तर ‘डिव्हायडेड’. आणि बोट ठेवायला आधी शब्दच सापडला नाही, नुसतं “ते केलं” एवढंच तोंडातून आलं, तर थांबा. तिथे भाषा नाही, माहिती अडली आहे. ‘वी डिड द यील्ड’ हे वाक्य तसंच होतं. उत्पादनाचं मी काय केलं? मोजलं? तोललं? अंदाज धरला? मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

‘गॉट’चा उगम वेगळा आहे. रसातली साखर मोजली की “आम्हाला 17 ब्रिक्स मिळाला” असं आपण सहज म्हणतो. त्याचं ‘वी गॉट’ होतं आणि सुधारायला गेलं की ‘वी अचीव्हड’. ‘अचीव्ह’ म्हणजे ठरवलेलं गाठलं. मी तर रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून आकडा वाचला होता. इथे क्रियापद बदलण्याआधी कर्ता बदलायचा. साखर माझ्याकडे नव्हती, मण्यांत होती. ‘द बेरीज अ‍ॅव्हरेज्ड 17 डिग्री ब्रिक्स’ म्हटलं की वाक्य सरळ उभं राहतं.

आता त्या एकेचाळिसाव्या पानाकडे येते. हे जरा लांबणार आहे, पण वाचा.

माझ्या तीस वेली थॉमसन सीडलेस जातीच्या होत्या. पंधरा वेलींच्या खोडाची सालीची कडी काढून गर्डलिंग केलं, पंधरा तशाच ठेवल्या. काढणीच्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली होती आणि मजूर घाईत होते. प्रत्येक गटातल्या तीनच वेली मला वेगळ्या तोडून काट्यावर घालता आल्या. गर्डलिंगच्या तीन वेलींवर 90 घड भरले, वजन 28.8 किलो, म्हणजे घडाला सरासरी 320 ग्रॅम. न केलेल्या तीन वेलींवरही 90 घड, वजन 25.2 किलो, म्हणजे 280 ग्रॅम. उरलेल्या चोवीस वेलींचे घड मी आदल्या दिवशी फक्त मोजले होते. त्यांच्या संख्येला मी त्या त्या गटाच्या सरासरीने गुणलं. गर्डलिंगच्या एका वेलीवर 31 घड होते, तिच्यापुढे 9.92 किलो लिहिलं. ती वेल काट्यावर कधी गेलीच नाही.

असा अंदाज काढणं ही चोरी नाही, बागेत तो सगळेच धरतात. पण ‘मेझर्ड’ लिहिल्यावर पुढे काय झालं ते बघा. तक्त्यात तीस आकडे होते, सगळे दोन दशांशांपर्यंत, सगळे सारखेच खरे दिसणारे. मी त्या तीस आकड्यांवर टी-टेस्ट लावली. आता खऱ्या बागेत 31 घडांची एक वेल साडेआठ किलो देईल, शेजारची अकरा देईल. माझ्या चोवीस वेलींमध्ये तो चढउतार उरलाच नव्हता, कारण प्रत्येक घड मी त्या गटात एकाच वजनाचा धरला होता. शिवाय दोन गटांमधला 40 ग्रॅमचा फरक तीन-तीन वेलींवरून आलेला, तो मी स्वतःच्या हाताने उरलेल्या चोवीस वेलींमध्ये पेरला होता. मग फरक ठळक निघणारच. कसोटी माझ्याच गुणाकाराला दुजोरा देत होती, आणि निष्कर्षात मी ‘गर्डलिंग इन्क्रीज्ड द यील्ड’ असं ठासून लिहिलं होतं.

परीक्षकांनी हे सगळं मला पाच मिनिटांत दाखवलं, आवाज न चढवता. मग म्हणाले, “बाई, ‘एस्टिमेटेड’ लिहिलं असतंत तर टी-टेस्ट लावताना तुमचाच हात थांबला असता.” चार वर्षं झाली, हे वाक्य मी विसरलेली नाही.

दुरुस्तीला पंधरा दिवस मिळाले. ते एक वाक्य मोडून तीन वाक्यं झाली. तीस वेलींचे घड ‘काउंटेड’. प्रत्येक गटातल्या तीन वेली ‘हार्वेस्टेड अँड वेइड’. उरलेल्या चोवीस वेलींचं उत्पादन घडांची संख्या आणि सरासरी वजन यांवरून ‘एस्टिमेटेड’. तक्त्यात अंदाजाचे आकडे वेगळ्या रकान्यात गेले, दशांश एकच ठेवला आणि कसोटी फक्त तोललेल्या सहा वेलींवर लावली. वेलीमागे 9.6 विरुद्ध 8.4 किलो. फरक दिसत होता, पण सहा वेलींवर तो कसोटीला टिकला नाही. ‘इन्क्रीज्ड’ काढावं लागलं. तिथे आता लिहिलंय की तोललेल्या वेलींमध्ये गर्डलिंगच्या गटाची सरासरी जास्त होती. लिहिताना वाईट वाटलं, वर्षभराची मेहनत होती. पण मण्यांची जाडी मी तीसही वेलींवर व्हर्नियरने खरोखर मोजली होती. तिथलं ‘मेझर्ड’ जसंच्या तसं राहिलं आणि त्यावरचा निष्कर्षही.

तेव्हा घाबरू नका, पण यादीवरून भराभर शब्दही बदलू नका. `Ctrl+F` उघडा, `Find whole words only` वर खूण करा आणि एकेक शब्द शोधा:

```
did
done
made
got
```

प्रत्येक ठिकाणी थांबून आपली वही उघडा. हो, शेतातली किंवा प्रयोगशाळेतली कच्ची वही. तिथे जे लिहिलंय त्यापेक्षा मोठं क्रियापद प्रबंधात येता कामा नये. माझ्या साठ पानांना दोन संध्याकाळी लागल्या. मार्गदर्शकांना वेळ नसेल तर या कामासाठी त्यांची वाट बघू नका. ते तुमच्यासोबत बागेत नव्हते, हे त्यांना जमणारही नाही. त्यापेक्षा काढणीला सोबत असलेल्या कुणाला तरी ते पान मराठीत वाचून दाखवा. मी नंतर मामांना दाखवलं. “चोवीस वेली अंदाजाने धरल्या” इथे त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “बरोबर, त्या दिवशी काटा रिकामा नव्हता.”

काही ‘डिड’ मात्र राहू द्या. ‘डिड नॉट डिफर’ यातलं ‘डिड’ नकारासाठी आहे, ते काढलंत तर वाक्यच मोडेल. प्रयोग किंवा सर्वेक्षण ‘कंडक्टेड’ म्हटलं तरी चालतं, तो रूढ शब्द आहे. पण पद्धतीच्या प्रकरणात तो एकदाच यावा, सुरुवातीला. त्याच्या पुढच्या वाक्यात छाटलं, तोललं, वाचलं की अंदाज धरला, ते यायलाच हवं.