बंद खोलीचं कोडं कसं रचायचं: येऊरचं गेस्टहाऊस, जुलैचा पाऊस

बंद खोलीची रहस्यकथा लिहायचीय तर आधी उत्तर ठरवा, दार बंद राहिलं कसं हे पक्कं झालं की मग माणसं आणि संवाद. एकच उदाहरण शेवटपर्यंत बघू.

जागा ठाण्यातलं येऊर, जंगलाला लागून एक जुनं गेस्टहाऊस. रात्रभर पाऊस, रस्त्यावर झाड आडवं, मोबाईलला रेंज नाही, खाली उपवनला जाता येत नाही. सकाळी मामा दार उघडत नाहीत. भाचा दार ढकलून म्हणतो, "आतून कडी लावलीय." सगळे मिळून दार तोडतात, मामा डोक्याला मार लागून मेलेले, खिडकीला गज. सगळ्यांना वाटतं रात्री एकटेच असताना पडले असतील.

आता उत्तर: कडी लागलेलीच नव्हती. पावसाळ्यात लाकूड पाणी शोषून फुगतं, आणि ते रुंदीला जास्त फुगतं, त्यामुळे दार चौकटीत गच्च अडकतं. भाच्याने खून करून बाहेरच्या कडीला धरून दार जोरात ओढलं, ते अडकून बसलं. सकाळी त्याचा त्याने फायदा घेतला, बस.

पुढची पायरी खुणांची, आणि कोडं खरं इथेच जमतं किंवा फसतं. मी तीन ठेवीन. पहिली, आदल्या संध्याकाळी केअरटेकर काका चहा देताना कुरकुरतात, "पाऊस लागला की सगळी दारं बसतात हो, सुताराला रंधा मारायला सांगून महिना झाला." हे वाक्य जेवणाच्या, भाड्याच्या गप्पांमध्ये घाला, एकटं ठेवलंत तर लगेच डोळ्यात येतं. दुसरी, रात्री दार आपटल्याचा आवाज, सगळे म्हणतात वारा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: दार तुटल्यावर चौकटीवरचा कोयंडा जसाच्या तसा, स्क्रू सगळे जागेवर. कडी खरंच लागलेली असती तर धक्क्याने कोयंडा उपटला असता, नाहीतर कडी तरी वाकली असती. हे दार तुटतं त्याच प्रसंगात वाचकाला दाखवा, पण लगेच मामींचा हंबरडा येऊ द्या म्हणजे लक्ष तिकडे जातं. डिटेक्टिव्हने शेवटी खिशातून नवीन खूण काढली तर ती सरळ फसवणूक आहे.

आणि एक नियम मी कधीच मोडू देणार नाही, निवेदकाने खोटं बोलायचं नाही. "दार आतून बंद होतं" हे निवेदनात लिहिलंत की कोडं मेलं. ते फक्त भाच्याच्या तोंडी हवं. निवेदनात "दार हललं नाही" एवढंच, ते खरंच आहे.

एक अडचण तपासून घ्या: दार आत उघडणारं हवं, नाहीतर बाहेरून ओढून बंद कसं होणार? केअरटेकर सकाळी सहज म्हणाला "अहो, दार बसलं असेल" तरी गोष्ट संपते, म्हणून त्या वेळी त्याला पडलेलं झाड बघायला पाठवा.

शेवटी दोघातिघांना दार तुटण्याच्या प्रसंगासकट तिथपर्यंतचा भाग वाचायला द्या आणि विचारा, कोण आणि कसं. सगळ्यांनी ओळखलं तर काकांचं वाक्य अजून मागे न्या. कुणालाच जमलं नाही आणि उत्तर ऐकूनही "हे कुठे होतं?" म्हणाले, तर कोयंड्याला अजून एक ओळ द्या.