गुंतलेले लूप सोडवताना आधी बेरीज-बिंदू हलवा

कंट्रोल सिस्टिमच्या एका ब्लॉक डायग्रॅममध्ये इनपुट R पासून आउटपुट C पर्यंत G1, G2, G3 हे ब्लॉक ओळीने आहेत. G2 च्या आउटपुटवरून फीडबॅक H1 मागे फिरून G1 च्या आधी वजा होतो, आणि शेवटच्या आउटपुटवरून H2 येऊन G1 व G2 च्या मधल्या बेरीज-बिंदूत वजा होतो. दोन्ही लूप एकमेकांत अडकले आहेत, त्यामुळे कुठलाही एक थेट बंद करता येत नाही. बहुतेक जण इथेच घाईने सूत्र लावतात आणि फसतात.

मधला बेरीज-बिंदू G1 च्या आधी न्या. तो सिग्नल आता G1 मधून जाणार, म्हणून फीडबॅक H2/G1 करायचा. लागून असलेल्या दोन बेरीज-बिंदूंची अदलाबदल चालते, म्हणून H1 चा बिंदू आत घ्या. आतला लूप G1G2/(1+G1G2H1) होतो. त्याला G3 जोडून बाहेरचा लूप बंद केला की:

```
C/R = G1G2G3 / (1 + G1G2H1 + G2G3H2)
```

छेदात H1H2 चा गुणाकार आला तर चूक झाली समजा. दोन्ही लूपमध्ये G2 सामाईक आहे. असा गुणाकार एकमेकांना न शिवणाऱ्या लूपसाठीच येतो.

मी नेहमी आकडे टाकून पाहतो. G1=2, G2=1, G3=3, H1=1, H2=2 घेतल्यास 6/9, म्हणजे 2/3. मूळ आकृतीत R=1 ठेवून समीकरणे सोडवली तरी तेच येते. 0.4 आले, तर G1 ने भागायचे राहिले आहे.