गव्हाला स्लरी किती ड्रम? आधी नत्राचा हिशेब

सोयाबीन निघालं की वर्धा, अमरावतीकडे ओलिताच्या वावरात गव्हाची तयारी सुरू होते. त्याच वेळी बायोगॅसच्या आउटलेटचा खड्डा पावसाळाभर साचून काठोकाठ भरलेला असतो. मग गावात एकच प्रश्न फिरतो, एकरी किती ड्रम टाकायचे? कोणी पाच सांगतं, कोणी वीस. आकडा ऐकीव घेण्यापेक्षा आपल्या ड्रममध्ये नत्र किती आहे ते काढावं. तो हिशेब अर्ध्या पानावर मावतो.

सुरुवात मी केलेल्या चुकीपासून करतो, कारण ती अजूनही बरेच जण करतात. स्लरीचा नमुना प्रयोगशाळेत दिला होता. अहवालात ‘नत्र 1.5 टक्के’ असं आलं. मी सरळ 200 लिटरच्या ड्रमचे दीड टक्के काढले, 3 किलो नत्र धरलं आणि पहिल्या पाण्याचा युरिया बंद केला. महिनाभरात गव्हाची खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली. नत्र कमी पडलं की पीक ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. अहवाल पुन्हा काढून पाहिला, तर आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: कोरड्या वजनावर.

सगळा घोळ याच दोन शब्दांत आहे. स्लरीत बहुतेक पाणीच असतं. शेण आणि पाणी सारख्या मापात टाकलं, तर बाहेर पडणाऱ्या स्लरीत साधारण 6 टक्के घन भाग उरतो. म्हणजे 200 लिटरच्या ड्रममध्ये 12 किलो कोरडा माल. त्याचे दीड टक्के म्हणजे 180 ग्रॅम नत्र. मी 3 किलो धरलं होतं. युरियाच्या भाषेत बोलायचं तर अख्ख्या ड्रममध्ये जेमतेम 400 ग्रॅम युरियाएवढं नत्र, आणि तेही सगळं याच हंगामात पिकाला मिळत नाही. काही भाग अमोनियाच्या रूपात लगेच लागू होतो, उरलेला सेंद्रिय भाग जमिनीत हळूहळू कुजून सुटतो. हिशेबासाठी मी निम्मं धरतो: एका ड्रमला 90 ग्रॅम.

घन भाग किती आहे हे घरीच काढता येतं. खड्डा लांब काठीनं तळापासून चांगला ढवळा. ही पायरी टाळू नका, कारण जाड भाग खाली बसतो आणि वरवरची बादली भरली तर नुसतं पिवळं पाणी हाती येतं. ढवळत असतानाच एक लिटर स्लरी घ्या, परातीत पातळ पसरा आणि वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत कडक उन्हात वाळवा. उरलेल्या पापुद्र्याचं वजन किराणा तोलायच्या डिजिटल काट्यावर करा. उन्हात वाळवलेल्या मालात थोडा ओलावा राहतोच, म्हणून त्यातून दहावा हिस्सा वजा करा. माझ्याकडे 66 ग्रॅम भरले, म्हणजे 60 ग्रॅम धरले, म्हणजे 6 टक्के. खड्ड्यात पावसाचं किंवा गोठा धुतल्याचं पाणी गेलं असेल, तर हाच आकडा 3 वर येतो आणि ड्रममधलं नत्रही निम्मं होतं. पावसाळ्यानंतर हे मोजायचंच.

नत्राचा टक्का मात्र प्रयोगशाळेतूनच काढावा लागतो. नमुना ओलाच द्या. वाळवून दिला तर अमोनिया उडून जातो आणि नत्र कमी दिसतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत वायूला जागा ठेवून भरा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. अहवाल हातात आला की आकडा ओल्या वजनावर आहे की कोरड्या, हे आधी विचारा.

आता दहा गुंठ्यांचा हिशेब करू. वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश धरू. तुमच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर वेगळा आकडा असेल तर तोच घ्या. दहा गुंठ्यांना झालं 12 किलो नत्र, 6 किलो स्फुरद, 4 किलो पालाश. पाच जनावरांवर चालणाऱ्या दोन घनमीटरच्या संयंत्रातून दिवसाला शंभरेक लिटर स्लरी निघते. खड्ड्यात 5,000 लिटर आहे, म्हणजे 25 ड्रम. यातून या हंगामाला मिळणारं नत्र सव्वादोन किलो. उरलेलं पावणेदहा किलो युरियातून द्यायचं तर साधारण 21 किलो युरिया लागेल. स्लरी नसती तर 26 किलो लागला असता. बचत झाली पाच किलोची. त्याहून जास्त युरिया कमी केला तर माझ्यासारखं पीक पिवळं होईल.

पालाशचं गणित वेगळं आहे. कोरड्या मालात पालाश एक टक्का धरला तर ड्रमला 120 ग्रॅम येतो, आणि तो जवळजवळ सगळाच पिकाला मिळतो. 25 ड्रमांत 3 किलो म्हणजे गरजेचा पाऊण हिस्सा भागला. स्फुरदही तेवढंच येतं, पण त्यातलं निम्मंच धरा.

नत्र पूर्णपणे स्लरीतूनच द्यायचं म्हटलं तर याच दहा गुंठ्यांना 133 ड्रम लागतील, म्हणजे जवळपास नऊ महिन्यांची स्लरी. तोवर पालाश गरजेच्या चौपट होतो. दुसरीकडे 25 ड्रम पूर्ण एकरभर पसरले, तर 48 किलोंच्या गरजेपुढे ते सव्वादोन किलो कुठे गेले ते कळतही नाही. म्हणून मी सगळी स्लरी एकाच तुकड्याला देतो आणि दरवर्षी तुकडा बदलतो.

द्यायचं दोन हप्त्यांत. 13 ड्रम पेरणीआधी शेवटच्या वखरणीला, 12 ड्रम 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटताना पहिल्या पाण्याबरोबर. युरियाही तसाच निम्मा निम्मा, दर वेळी साडेदहा किलोच्या आसपास. आपल्या काळ्या जमिनी बहुधा चुनखडीच्या, सामू आठच्या जवळ. अशा मातीवर स्लरी दुपारी उघडी पडली तर अमोनिया हवेत जातो. नाकाला झोंबणारा वास आला की समजा, तुमचं नत्र चाललं. म्हणून पेरणीआधीची स्लरी संध्याकाळी टाका आणि लगेच वखर फिरवून मातीआड करा.

पहिल्या पाण्याच्या वेळी ड्रम दांडाच्या तोंडाशी ठेवा आणि तोटी अशी सोडा की सगळ्या साऱ्यांना सारखी जाईल. दहा गुंठे भिजायला दोन तास लागत असतील तर 2,400 लिटर 120 मिनिटांत जायला हवे, म्हणजे मिनिटाला 20 लिटर. 15 लिटरची बादली तोटीखाली धरा, ती 45 सेकंदांत भरली पाहिजे. स्लरी आधी जाळीतून गाळून घ्या, नाहीतर तोटीत चोथा अडकतो, धार बारीक होते, आणि पुढचे सारे गडद हिरवे तर शेवटचे पिवळे दिसतात. अधूनमधून बादली पुन्हा लावून बघा.